अनुभव शून्य, अर्ज अकाउंट्सच्या जागेसाठी: कव्हर लेटरमध्ये लिहू तरी काय?

शून्यबाकी

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी वाणिज्य शाखेची पदवी हातात पडली. एका मध्यम आकाराच्या कंपनीत ज्युनियर अकाउंट्स असिस्टंटची जागा आहे. जाहिरातीत कामं तीनच दिली आहेत: पुरवठादारांची बिलं तपासून नोंदवणं, बँक रिकन्सिलिएशन आणि महिनाअखेरीच्या कामात मदत. खाली 'अनुभव असल्यास प्राधान्य' हे नेहमीचं वाक्य. सोबत कव्हर लेटर मागितलंय आणि तिथेच माझं घोडं अडलंय. पत्र ज्या भाषेत जायचं त्या भाषेत जाईल, इथे मराठीत टाकते:

"आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. मला कामाचा प्रत्यक्ष अनुभव नसला तरी मी मेहनती, प्रामाणिक व शिकण्यास उत्सुक आहे. मला लहानपणापासून आकड्यांची आवड आहे. मला एक्सेलचे उत्तम ज्ञान आहे. संधी दिल्यास मी तिचे सोने करीन."

मैत्रीण म्हणाली छान आहे. मलाच वाचताना झोप येते. काय बदलू?

मधली_सुट्टी

सोनं करणार असाल तर ते कुठल्या किमतीला वहीत धरणार, खरेदीच्या की बाजाराच्या? एवढं लिहिलंत तरी मुलाखतीला बोलावतील. :)

निवृत्त_रोखपाल

कव्हर लेटर म्हणजे सोबतच्या कागदांची यादी. 'सोबत: १) गुणपत्रिका २) दाखला ३) दोन छायाचित्रे' एवढं लिहावं, खाली सही करावी. आम्ही आयुष्यभर अशीच पत्रं घेतली. त्यात स्वतःचं वर्णन कशाला हवं?

पानगळ

काका, तुम्ही म्हणताय ते अग्रेषण पत्र. हे वेगळं. यात उमेदवारानं त्या जागेसाठी आपण का, ते थोडक्यात सांगायचं असतं.

@शून्यबाकी, मी भरती विभागात आहे म्हणून स्पष्टच सांगते. असं पत्र मी पहिल्या दोन ओळींत सोडून देते, कारण त्यातलं एकही वाक्य तुमचं नाही. 'लहानपणापासून आकड्यांची आवड' तर इतक्यांदा वाचलंय, की ती सगळी मुलं लहानपणी नक्की करत काय होती असा प्रश्न पडतो. आणि 'अनुभव नसला तरी' हे वाक्य काढाच. तुमची उणीव तुम्हीच ठळक करून का दाखवायची?

दीड_शहाणा

+१. अनुभवाचा विषयच काढू नका. पत्रात गुण, एक्सेल, सॉफ्टवेअरची नावं भरा. अकाउंट्समध्ये सॉफ्टवेअर येत असलं की बाकी सगळं तेच करतं.

खतावणी

वरच्या प्रतिसादाशी निम्माच सहमत. सॉफ्टवेअर नोंद करतं, पण नोंद बरोबर आहे का ते माणसानंच बघायचं असतं. मी गेली बरीच वर्षं हिशेब विभाग चालवतोय आणि दरवर्षी एकदोन नवी मुलं घेतो. नव्या मुलाच्या पत्रात मी एकच गोष्ट शोधतो. दोन आकडे जुळले नाहीत तेव्हा हा माणूस काय करतो? सोडून देतो, कुठूनतरी ओढून जुळवतो, की शोधत बसतो? 'प्रामाणिक' लिहून ते कळत नाही.

शून्यबाकी, एक विचारतो. पगारी नोकरी सोडा. कुणाचा तरी पैसा तुम्ही कधी मोजलाय का, ज्याचं उत्तर दुसऱ्या कुणाला द्यावं लागलं? वर्ग, मंडळ, सहल, काहीही.

शून्यबाकी

हो, पण ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. शेवटच्या वर्षी आमच्या वाचन मंडळाची खजिनदार होते. वर्गणीच्या २१२ पावत्या, थोडा खर्च, एक बँक खातं. वर्षअखेरीला वहीतली शिल्लक आणि बँकेची शिल्लक जुळेना. चार संध्याकाळी गेल्या त्यात. शेवटी जुळली.

खतावणी

अहो, मग हेच तर पत्र! आकड्यांसकट सांगा. काय जुळत नव्हतं, कशामुळे, आणि कसं सापडलं?

शून्यबाकी

वही काढून लिहितेय.

वहीत शिल्लक १८,४६० होती, बँकेच्या स्टेटमेंटला २१,३३०. एका छपाईवाल्याला दिलेला ३,६०० चा चेक त्यानं तोवर वटवलाच नव्हता. तो बँकेच्या शिलकेतून वजा केला, १७,७३० राहिले. मग दिसलं की बँकेनं १९० शुल्क कापलंय आणि आमच्या वहीत त्याची नोंद नाही. ते वहीतून वजा केलं, १८,२७० झाले. तरी वही ५४० नं जास्तच.

या ५४० नं तीन संध्याकाळी खाल्ल्या. कुठल्याही पावतीवर ५४० हा आकडा नव्हता.

दीड_शहाणा

सोप्पं आहे. ५४० ला ९ नं भाग जातो. फरकाला ९ नं भाग गेला की दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. गणिताचा नियमच आहे. तीन संध्याकाळी कशाला, तीन सेकंदांचं काम!

खतावणी

नियम अर्धाच सांगितलात. अदलाबदल झाली तर फरकाला ९ नं भाग जातो हे बरोबर. भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली, हे नाही.

हेच ५४० घ्या. ३९० च्या जागी ९३० लिहिलं तर वही ५४० नं फुगते. ६० च्या जागी एक शून्य जास्त पडून ६०० झालं तरी ५४० नंच फुगते, आणि तिथे अदलाबदल कुठेच नाही. तिसरं म्हणजे २७० चा खर्च चुकून जमा बाजूला पडला. खर्च वजा व्हायचा राहिला आणि वर तेवढीच जमा दिसली, म्हणजे दुप्पट. तेही ५४०. म्हणून फरक निघाला की आम्ही दोन गोष्टी लगेच बघतो: ९ नं भाग जातो का, आणि फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद आहे का. पण यातून कुठे बघायचं एवढंच कळतं. चूक सिद्ध होते ती मूळ कागदानं.

दीड_शहाणा

बरं. तीन सेकंदांचे तीन मिनिटं धरा. :)

शून्यबाकी

९ चा नियम तेव्हा मला माहीतच नव्हता. मी सरळ एकेक पावती स्टेटमेंटवर टिक करत गेले. शेवटी एक भरणा सापडला. बँकेत भरलेल्या स्लिपवर ३९०, वहीत ९३०.

आणि खरं सांगायचं तर वहीत ९३० लिहिणारी मीच होते.

मधली_सुट्टी

हे पत्रात लिहू नका बुवा. 'चूक आढळली' एवढं पुरे. कुणाची ते गुलदस्त्यात!

पानगळ

मीही हेच म्हणेन. तीनशे शब्दांच्या पत्रात स्वतःची चूक सांगायला जागा कशाला घालवायची? भरतीच्या टेबलावर पत्राला अर्धा मिनिट मिळतो. वाचणाऱ्याच्या डोक्यात 'चूक' एवढा एकच शब्द राहिला तर?

खतावणी

माझं मत उलटं आहे. उमेदवार नवा आहे म्हणजे चुका करणारच, हे मी धरूनच चाललोय. मला हवाय तो स्वतःची चूक शोधून ती सांगणारा. चूक लपवणाऱ्या माणसामुळे महिनाअखेरीला अख्खा विभाग रात्री उशिरापर्यंत बसतो, हे मी भोगलंय.

आणि तिनं चूक शोधली तो रस्ता बघा. ९३० ही रक्कम बँकेच्या खात्यातही आणि वर्गणीच्या खात्यातही सारखीच गेली असणार. दोन्ही बाजूंना तोच चुकीचा आकडा. म्हणजे तिनं तेरीज काढली असती तर ती खुशाल जुळली असती. ही चूक बाहेरच्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय सापडतच नाही. बँक रिकन्सिलिएशन करतात ते त्यासाठीच. परीक्षेत हा प्रकार लिहून गुण मिळवणारे खूप भेटतात, पण तो स्वतःच्या वहीत भेटलेला उमेदवार मला विरळा वाटतो.

रेवा_न

थोडं अवांतर. माझा प्रश्न वेगळा आहे. मी सहा वर्षं घरी होते, आता परत अकाउंट्समध्ये यायचंय. मला अनुभव आहे, पण जुना. मीही असंच एखादं उदाहरण द्यावं की आधी खंडाचं कारण सांगावं?

पानगळ

रेवाताई, खंडाला एक वाक्य पुरे, कारणमीमांसा नको. बाकी पत्र कामावर. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा ना, तिथे सविस्तर बोलू. नाहीतर इथे दोन्ही अर्धवट राहतील.

निवृत्त_रोखपाल

मी आता वरपासून सगळं वाचलं. मला वाटलं होतं त्याहून वेगळा विषय निघाला. आम्ही काउंटरला होतो तेव्हा रोकड जुळेपर्यंत घरी जायचं नाही असा दंडक होता. मुलीनं चार संध्याकाळी घालवल्या हे वाचून बरं वाटलं.

एक विचारतो. फरक सापडल्यावर वहीत दुरुस्ती कशी केलीत?

शून्यबाकी

काका, एक्सेलमध्ये होतं. ९३० खोडून ३९० केलं.

निवृत्त_रोखपाल

अरेरे.

खतावणी

काकांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. मुलाखतीत हा प्रश्न येईल असं धरूनच चला, कारण मीही हाच विचारला असता. खोडून बदललं की जुना आकडा गेला, आणि आधी छापून कुणाला दिलेल्या हिशेबाशी नवी वही जुळत नाही. कारणही कुठे उरत नाही. वर्गणीची बाजूही ५४० नं कमी व्हायला हवी होती, ती झाली का हेही आता कळायला मार्ग नाही. जुनी नोंद तशीच ठेवायची, आणि ५४० ची दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, तारीख, स्लिपचा क्रमांक आणि कारणासह. कागदी वहीत एक रेघ मारून शेजारी सही करतात, त्यातलाच हा प्रकार.

पत्रात हे लिहू नका, जागा नाही. पण विचारलं तर खरं तेच सांगा: तेव्हा मी आकडा बदलला, आज दुरुस्तीची नोंद करेन. ते उत्तर चालतं. 'दुरुस्तीची नोंद केली होती' असं ठोकून दिलंत तर पुढच्या प्रश्नाला सापडाल.

मधली_सुट्टी

मग निदान बँक रिकन्सिलिएशन 'दरमहा' केलं असं तरी लिहू द्या तिला. एकदा काय, बारादा काय, पद्धत तीच.

खतावणी

एकाचे बारा करणारा माणूस हिशेब विभागात नको आहे हो. एकदा केलं तर 'वर्षअखेरीला एकदा' असं लिहायचं. खरं तर दरमहा केलं असतं तर चूक एका महिन्याच्या पावत्यांत शोधावी लागली असती, वर्षभराच्या नाही. हे तिला आता कळलंय, आणि तेही सांगण्यासारखं आहे.

आणखी एक, मग मी थांबतो. पत्रात आणि बायोडेटात एकच आकडा दोन प्रकारे नको. मागे एका मुलाच्या पत्रात पदवीचा महिना एक आणि बायोडेटात दुसरा होता. चूक बारीकच, पण कागदाशी कागद ताडून बघणं हेच ज्याचं काम होणार, त्यानं स्वतःचे दोन कागद ताडले नव्हते. दुसऱ्या एकानं, जिथे शिकाऊ म्हणून होता तिथल्या ग्राहकाचं नाव आणि त्याची थकबाकी पत्रात लिहिली होती! त्याला वाटलं काम दिसेल. मला दिसलं की उद्या हा आमचे आकडेही दुसऱ्याच्या पत्रात लिहील.

पानगळ

हा मुद्दा पटला. मंडळाचं नाव, वर्गणीदारांची नावं काहीही नको.

एक्सेलबद्दलही सांगते. 'उत्तम ज्ञान' सगळेच लिहितात. शून्यबाकी, तुम्ही त्यात प्रत्यक्ष काय केलंत?

शून्यबाकी

फार काही नाही. खर्चाच्या प्रकारानुसार बेरजा SUMIF नं काढल्या. आणि एकच पावती क्रमांक दोनदा आलाय का ते बघायला शेजारच्या रकान्यात हे लावलं होतं:

```
=COUNTIF(B:B,B2)
```

१ पेक्षा जास्त आलं की ती ओळ तपासायची.

खतावणी

'फार काही नाही' काय! पुरवठादाराचं बिल दोनदा नोंदलं जाऊन दोनदा पैसे जाणं ही बिलांच्या कामातली जुनी डोकेदुखी आहे. तुम्ही पावत्यांवर केलंत तेच तिथे बिलांवर करतात. फरक एवढाच की तिथे पुरवठादार आणि बिल क्रमांक दोन्ही एकत्र बघावे लागतात, कारण दोन पुरवठादारांचा बिल क्रमांक सारखा असू शकतो. आणि तेच बिल नोंदताना एकानं क्रमांकात आडवी रेघ टाकली, दुसऱ्यानं नाही, तर हे सूत्र गप्प बसतं. पत्रात सूत्र नको, एक वाक्य टाका.

दीड_शहाणा

तरी मला एक सांगा, ही पत्रं कुणी वाचतं का? माझ्या ओळखीत तिघं पत्राशिवाय लागले.

पानगळ

खरं सांगू? बायोडेटा स्पष्ट हो किंवा स्पष्ट नाही असेल तर मी पत्र उघडतही नाही. मधल्या ढिगासाठी उघडते.

खतावणी

आणि नवे पदवीधर सगळे त्या मधल्याच ढिगात असतात. गुण उन्नीसबीस, विषय तेच. माझ्यापर्यंत दहा जण आले की मी दहाही पत्रं वाचतो. सगळीकडे असं होतं असा माझा दावा नाही.

शून्यबाकी

सगळ्यांचे आभार. काल रात्री नव्यानं लिहिलं:

"महोदय/महोदया,

ज्युनियर अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी हा अर्ज. मी यंदा वाणिज्य शाखेची पदवी घेतली आहे. पगारी नोकरी अजून केलेली नाही, पण तुमच्या जाहिरातीतलं एक काम मी छोट्या प्रमाणावर केलं आहे.

कॉलेजच्या एका विद्यार्थी मंडळाची मी वर्षभर खजिनदार होते. वर्षअखेरीला २१४ पावत्यांची वही बँक स्टेटमेंटशी जुळवली. न वटलेला चेक आणि नोंद न झालेलं बँक शुल्क धरल्यावरही वही ५४० नं जास्त होती. प्रत्येक पावती स्टेटमेंटशी ताडल्यावर कारण सापडलं: ३९० चा भरणा मीच ९३० असा लिहिला होता. शिल्लक पूर्ण जुळली. ही जुळवणी दरमहा करायला हवी होती, हेही तेव्हाच कळलं.

पावती क्रमांक दोनदा नोंदला गेला नाही ना, हे मी एक्सेलमध्ये तपासत असे. पुरवठादाराचं बिल हे ऑर्डर आणि माल मिळाल्याची पावती या दोन्हींशी ताडून मगच मंजूर करायचं, हे मी शिकले आहे, प्रत्यक्ष केलेलं नाही. महिनाअखेरीचं कामही तुमच्याकडेच पहिल्यांदा करेन.

वहीचा नमुना, नावं झाकून, मुलाखतीत दाखवू शकेन."

पानगळ

शेवटची ओळ आवडली. 'मीच' अजूनही मला खटकतं. मी असते तर काढला असता. पण आता हे वाचून झोप येत नाही, एवढं नक्की.

मधली_सुट्टी

'सोनं' गेलं. मन हेलावलं.

खतावणी

'मीच' राहू द्या. बाकी माझ्याकडून काही नाही.

निवृत्त_रोखपाल

माझ्याकडून आहे. वर तुम्ही २१२ पावत्या म्हणालात, पत्रात २१४ झाल्या. कुठला आकडा खरा?

शून्यबाकी

बाप रे! काका, दंडवत. पुस्तकातले क्रमांक २१४ पर्यंत गेलेत, त्यातल्या दोन पावत्या चुकल्या म्हणून रद्द केल्या होत्या. वहीत नोंद २१२ चीच. पत्रात २१२ करते. बायोडेटातही २१४ च लिहिलंय, आत्ता बघितलं.

निवृत्त_रोखपाल

दोन्हीकडे करा. आणि त्या दोन रद्द पावत्या कुठे आहेत? फाडून टाकल्या असतील तर कठीण आहे.

शून्यबाकी

नाही, आहेत. स्थळप्रतीला स्टेपल करून ठेवल्यात. दोन्हींवर 'रद्द' लिहिलंय.